मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधली आहे?

न्यूयॉर्कचा शेअर बाजार तिथल्या सकाळी साडेनऊला उघडतो. बारा महिने हीच वेळ. तरी मुंबईत बसून त्या बाजारावर लक्ष ठेवणाऱ्यांना ठाऊक असतं, की थंडीच्या दिवसांत तो आपल्याकडच्या रात्री आठला उघडतो आणि एरवी संध्याकाळी सातला. बाजाराने वेळ बदललेली नसते आणि आपण घड्याळाला हात लावलेला नसतो. मधल्या मध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ एक तास पुढे गेलेलं असतं.

बाजाराच्या बाबतीत गोंधळ होत नाही, कारण तो कोणाच्या घड्याळाने चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून दर मंगळवारी लंडन आणि न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर कॉल करणाऱ्यांचं तसं नाही. मार्च उजाडला की त्यांच्या कॅलेंडरमधला आठचा कॉल आपोआप सातवर येतो, शेजारच्या टीमचा मात्र आठवरच राहतो, आणि तिसरा एक कॉल तीन आठवडे जागचा हलत नाही, मग अचानक हलतो. हे सगळं लहरीने होत असल्यासारखं वाटतं. खरं तर त्यामागे अगदी सरळ हिशेब आहे.

आधी थोडं घड्याळाबद्दल. लंडनमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांच्या पुढे जातो आणि डिसेंबरमधला सर्वांत छोटा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. उन्हाळ्यात माणसं झोपेत असतानाच बराचसा उजेड वाया जातो, म्हणून त्या दिवसांत घड्याळ एक तास पुढे करायचं आणि थंडी आली की पुन्हा मागे घ्यायचं, ही डेलाइट सेव्हिंगची पद्धत. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीने ती देशभर लागू केली आणि काही आठवड्यांतच ब्रिटननेही तेच केलं. पुण्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या दिवसात फरक असतो तो दोन तासांच्या जरासा वर. त्यासाठी घड्याळ हलवण्यात हशील नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातही घड्याळं एक तास पुढे नेली होती, पण आज आपली वेळ वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे, एवढी आणि एवढीच.

त्यामुळे पुणे आणि न्यूयॉर्कमधलं अंतर थंडीत साडेदहा तासांचं असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं. पुणे आणि लंडनमध्ये थंडीत साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी घड्याळ हलवत नाहीत म्हणून.

अमेरिकेत घड्याळ पुढे जातं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि मागे येतं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. ब्रिटन आणि युरोपीय संघात ते मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. पूर्वी एवढी फट नव्हती. अमेरिका एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे करायची आणि युरोपबरोबरच, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, मागे घ्यायची. २००५ च्या ऊर्जा कायद्याने तिथला हा काळ दोन्ही टोकांनी वाढवला आणि २००७ पासून तो अमलात आला. तेव्हापासून दर वर्षी मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस एक आठवडा असा येतो, की लंडन आणि न्यूयॉर्कमधलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चार तासांवर येतं. वर्षभराचं वेळापत्रक बिघडतं ते मुख्यतः याच तीन-चार आठवड्यांत.

२०२६ चं कॅलेंडर समोर ठेवून एक उदाहरण बघू. अमेरिकेचं घड्याळ ८ मार्चला पुढे, युरोपचं २९ मार्चला. परत येताना युरोप २५ ऑक्टोबरला, अमेरिका १ नोव्हेंबरला.

समजा, पुण्यातल्या एका टेस्टिंग लीडच्या मंगळवारी दोन मीटिंगा आहेत. पहिली लंडनच्या प्रॉडक्ट मॅनेजरने लावलेली, लंडनच्या दुपारी दीडला. दुसरी न्यूयॉर्कच्या डिलिव्हरी हेडने लावलेली, तिथल्या सकाळी साडेनऊला. दोन्हींत माणसं जवळजवळ तीच. जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात पहिली येते संध्याकाळी सातला आणि दुसरी आठला. एक संपते, दुसरी सुरू होते, नऊला लॅपटॉप मिटतो. लंडनला त्याच दोन मीटिंगा दीड आणि अडीचला, न्यूयॉर्कला साडेआठ आणि साडेनऊला. तिन्ही शहरांत त्या पाठोपाठ नीट बसलेल्या आहेत.

आता १० मार्चचा मंगळवार. न्यूयॉर्कची माणसं आपल्या घड्याळाने साडेनऊलाच दुसऱ्या मीटिंगला बसणार. पण त्यांचं साडेनऊ आता एक तास लवकर वाजतं, म्हणून पुण्यात ती मीटिंग आठऐवजी सातला येते. पहिली मीटिंग लंडनच्या दीडला, आणि लंडनचं घड्याळ अजून हललेलं नाही, म्हणून पुण्यात तीही सातलाच. दोन मीटिंगा एकमेकींवर चढल्या. लंडनमध्येही दोन्ही दीडला आणि न्यूयॉर्कमध्येही दोन्ही साडेनऊला. प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्या कोणीतरी वेळ बदलली. न्यूयॉर्कवाले म्हणतात, लंडनची मीटिंग तासभर उशिरा गेली. लंडनवाले म्हणतात, न्यूयॉर्कची तासभर लवकर आली. आणि ज्याने-त्याने लावलेली मीटिंग त्याच्या-त्याच्या घड्याळात होती तिथेच दिसते, त्यामुळे "मी काहीच बदललेलं नाही" हे दोघांचंही म्हणणं खरं असतं.

१७ आणि २४ मार्चलाही हेच. मग २९ तारखेला लंडनचं घड्याळ पुढे जातं आणि ३१ मार्चच्या मंगळवारी लंडनची मीटिंग पुण्यात सहाला येते, न्यूयॉर्कची सातलाच राहते. पुन्हा सगळं पाठोपाठ, फक्त सात-आठचं सहा-सात झालेलं. ही घडी ऑक्टोबरपर्यंत टिकते. २५ ऑक्टोबरला लंडनचं घड्याळ मागे येतं, न्यूयॉर्कचं यायचं असतं, आणि २७ ऑक्टोबरच्या मंगळवारी दोन्ही मीटिंगा पुन्हा सातवर. पुढच्या मंगळवारी, ३ नोव्हेंबरला, जानेवारीचं वेळापत्रक परत. वर्षभरात चार मंगळवार टकरीचे, आणि चारही आधीपासून दिसू शकतात.

हे दिसावं म्हणून एक गोष्ट कळायला हवी: प्रत्येक रिकरिंग मीटिंगचा खुंटा कुठल्या तरी एका शहराच्या घड्याळात रोवलेला असतो. मीटिंग त्याच्याभोवतीच राहते आणि बाकीची शहरं सरकतात. इन्व्हाइट पाठवताना कॅलेंडर "रात्री आठ" असं लिहून ठेवत नाही, आणि बहुतेक वेळा यूटीसीही लिहून ठेवत नाही. ते लिहितं शहराचं नाव, तिथली वेळ आणि पुनरावृत्तीचा नियम. एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात जाणारी ही नोंद साधारण अशी असते:

```
DTSTART;TZID=America/New_York:20260106T093000
RRULE:FREQ=WEEKLY;BYDAY=TU
```

म्हणजे ६ जानेवारी २०२६ पासून, न्यूयॉर्कच्या साडेनऊला, दर मंगळवारी. मार्चमधली मीटिंग पुण्यात किती वाजता हे यात कुठेच नाही. ते प्रत्येक कॅलेंडर स्वतः काढतं, आणि त्यासाठी ज्या तक्त्याचा आधार घेतं त्यात जगातल्या वेळांचे नियम शहरांच्या नावाने नोंदलेले असतात. त्यात भारताची नोंद आहे Asia/Kolkata या नावाने. पहिल्या ओळीत त्याऐवजी हे नाव असतं, तर मीटिंग पुण्यात वर्षभर एकाच वेळी राहिली असती आणि न्यूयॉर्कला सरकावं लागलं असतं. शहराचं नाव नसून वेळेच्या शेवटी नुसता Z असेल, तर खुंटा यूटीसीमध्ये आहे. भारतातून बघताना यूटीसीतली आणि पुण्यातली मीटिंग अगदी सारखी वागते, कारण आपलं आणि यूटीसीचं अंतर कधी बदलतच नाही.

खुंटा कुठे आहे हे ओळखायला फाइल उघडायची गरज नाही. मीटिंगची वेळ आज बघा, मग कॅलेंडर पुढे ढकलून मार्चच्या मधल्या आठवड्यातली बघा, आणि मग जुलैतली. तिन्हीकडे तीच वेळ असेल तर खुंटा पुण्यात किंवा यूटीसीत आहे. मार्चच्या मध्यालाच तासभर अलीकडे आली तर अमेरिकेत. मार्चच्या मध्याला तीच आणि जुलैत बदललेली असेल तर युरोपात. एवढी तपासणी फेब्रुवारीत पाच मिनिटांत होते, आणि ज्यांच्या मंगळवारी तीन-चार कॉल असतात त्यांनी ती जरूर करावी.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. अमेरिकेतली सगळी राज्यं घड्याळ हलवत नाहीत. अ‍ॅरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई ही पद्धत पाळत नाहीत. फिनिक्सच्या सहकाऱ्याने लावलेली मीटिंग म्हणून पुण्यातल्या मीटिंगसारखीच वर्षभर जागेवर राहते. मेक्सिकोनेही २०२२ साली देशाच्या बहुतांश भागात डेलाइट सेव्हिंग बंद केलं. माणूस त्या खंडात आहे म्हणजे त्याचं घड्याळ हलणारच, असं गृहीत धरू नये.

आता खुंटा नकळत उपटला जातो तो कसा, ते बघू. न्यूयॉर्कचा डिलिव्हरी हेड डिसेंबरमध्ये नोकरी सोडतो. त्याची सिरीज बंद होते आणि पुण्यातला कोणीतरी, "तीच मीटिंग, त्याच वेळी," म्हणून आपल्या कॅलेंडरमधून नवी पाठवतो: मंगळवार, रात्री आठ. जानेवारीत आणि फेब्रुवारीत काडीचाही फरक दिसत नाही. १० मार्चला मात्र न्यूयॉर्कवाले साडेनऊला मीटिंगमध्ये येऊन बसतात आणि पुण्याचं कोणीच नसतं, कारण पुण्याचे आठ म्हणजे आता न्यूयॉर्कचे साडेदहा. उलटंही होतं. पुण्याची टीम लीड ऑनसाइट गेलेली असताना, लॅपटॉप तिथल्या वेळेवर असताना, सिरीज तयार करते आणि परत येते. खुंटा तिकडेच राहतो. दोन्ही वेळा चूक घडते डिसेंबर-जानेवारीत आणि उघडी पडते मार्चमध्ये, म्हणून तिचं कारण पटकन सापडत नाही.

त्याहून जास्त नुकसान घाईच्या दुरुस्तीने होतं. १० मार्चला टक्कर दिसली की लंडनची मॅनेजर चांगल्या भावनेने आपली सिरीज एक तास आधी करते आणि कॅलेंडर विचारतं तेव्हा "सर्व मीटिंगा" हा पर्याय निवडते. तीन आठवडे सगळं छान चालतं. २९ मार्चला लंडनचं घड्याळ पुढे जातं आणि ३१ तारखेला तीच मीटिंग पुण्यात सहाऐवजी पाचला येऊन बसते, न्यूयॉर्कला तर सकाळी साडेसातला. मग पुन्हा कोणीतरी हलवतं, आणि ऑक्टोबरमध्ये हीच फेरी नव्याने. फटीतल्या टकरीवर उपाय त्या फटीपुरताच करायचा असतो. १०, १७ आणि २४ मार्चची तेवढी मीटिंग "फक्त ही मीटिंग" हा पर्याय निवडून हलवायची, मूळ सिरीजला हात लावायचा नाही.

पण मुळावर उपाय वेगळा आहे. एकाच टीमच्या सगळ्या मीटिंगांचा खुंटा एकाच शहरात असावा. वरच्या उदाहरणात दोन्ही मीटिंगा न्यूयॉर्कच्या घड्याळाला बांधल्या असत्या, तर मार्चमध्ये दोन्ही मिळून सरकल्या असत्या आणि एकमेकींवर चढल्या नसत्या. त्यासाठी लावणारा माणूस न्यूयॉर्कचाच हवा असंही नाही. बहुतेक कॅलेंडरांत मीटिंग तयार करताना वेळेजवळच टाइम झोन निवडायची सोय असते. पुण्यात बसून न्यूयॉर्कची वेळ निवडता येते.

मग शहर कुठलं निवडायचं? अनेक ठिकाणी याचं उत्तर विचार न करता दिलं जातं: क्लायंटचं. मला ते पटत नाही. विचार करायचा तो दिवसाच्या कडांचा. पुणे आणि न्यूयॉर्कच्या कॉलमध्ये पुण्याची संध्याकाळ आणि न्यूयॉर्कची सकाळ अशा दोन्ही कडा गुंतलेल्या असतात, आणि लंडनला ती वेळ भर दुपारी येते. दुपारी दीडचं अडीच झालं तर लंडनवाल्याचं जेवण थोडं पुढेमागे होईल. पुण्यात सातचं आठ झालं तर कंपनीची घरी सोडणारी कॅब चुकते, कारण कॅबचं रोस्टर इथल्या वेळेने ठरलेलं असतं आणि ते न्यूयॉर्कच्या घड्याळाबरोबर हलत नाही. लहान मूल घरी असलेल्या आईवडिलांपैकी कोणी एकाने सातला घरी पोहोचायचं ठरवलेलं असतं, तेही हलत नाही. हलायला जागा मधल्या माणसाकडे असते, कडेवरच्याकडे नसते.

आता उदाहरणातली न्यूयॉर्कच्या साडेनऊची मीटिंग घेऊ. ती न्यूयॉर्कला बांधलेली असताना पुण्याला उन्हाळ्यात सात आणि थंडीत आठ वाजतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चार महिने पुणेकर दर मंगळवारी तासभर जास्त थांबतात. तीच मीटिंग पुण्याच्या सातला बांधली, तर पुण्यात वर्षभर सातच राहील, आणि न्यूयॉर्कला उन्हाळ्यात साडेनऊ, थंडीत साडेआठ होईल. लंडनला दीड किंवा अडीच. म्हणजे थंडीतला तो तास पुण्याऐवजी न्यूयॉर्कच्या वाट्याला जातो. हे न्यूयॉर्कला मान्य होईल की नाही, हा वाटाघाटीचा भाग. तिथल्या माणसाला मुलं शाळेत सोडायची असतील तर साडेआठ त्यालाही जड आहे. पण हा सौदा आहे, आणि तो बोलून व्हायला हवा. आज बहुतेक ठिकाणी तो ज्याने पहिली इन्व्हाइट पाठवली त्याच्या टाइम झोनने, कोणी न ठरवता होऊन जातो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी काम असेल तर हे अधिकच टोचतं. तिथल्या सकाळच्या आठच्या मीटिंगला पुण्यात उन्हाळ्यात साडेआठ आणि थंडीत रात्रीचे साडेनऊ वाजतात.

टीममध्ये सिडनीचं कोणी असेल तर हिशेब आणखी एका बाजूने हलतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, म्हणून तिथलं घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. लंडन आणि सिडनी विरुद्ध दिशांना सरकतात. त्यांच्यातलं अंतर वर्षभरात अकरा तासांवरून नऊ तासांपर्यंत बदलतं. अशा टीमला एकच एक वेळ वर्षभर चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सिरीज नव्याने ठरवणं हाच त्यांच्यासाठी प्रामाणिक मार्ग आहे.

ईमेलमध्ये वेळ लिहितानाही एक खाच आहे. जुलैत कोणी लिहितं, "९:३० ईएसटी." ईएसटी हे न्यूयॉर्कच्या थंडीतल्या वेळेचं नाव. उन्हाळ्यातली वेळ ईडीटी. ते अक्षरशः घेऊन हिशेब केला तर पुण्यात रात्रीचे आठ होतात, पण लिहिणाऱ्याच्या मनात असतात सात. आयएसटी तर भारताखेरीज आयर्लंड आणि इस्रायलही वापरतात. "न्यूयॉर्कची वेळ, सकाळी ९:३०" असं शहरासकट लिहिलं की ऋतू कुठलाही असो, अर्थ एकच निघतो.

शहराचं नाव वापरण्याचं आणखी एक कारण कायद्यात आहे. २००७ साली अमेरिकेच्या तारखा बदलल्या तेव्हा कॅलेंडरच्या अनेक प्रणालींत दुरुस्त्या कराव्या लागल्या, कारण पुढच्या मीटिंगांची वेळ जुन्या नियमाने आधीच काढून ठेवलेली होती आणि त्या तासभर चुकत होत्या. असं पुन्हा होऊ शकतं. युरोपीय संसदेने २०१९ साली घड्याळ हलवणं थांबवण्याच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत न झाल्याने ते लागू झालं नाही. अमेरिकेच्या सिनेटने २०२२ साली उन्हाळी वेळच कायम ठेवण्याचं विधेयक मंजूर केलं, ते प्रतिनिधीगृहात पुढे सरकलं नाही. उद्या यातला एखादा कायदा झाला, तर शहराच्या नावाने बांधलेली मीटिंग नवा तक्ता आला की आपसूक दुरुस्त होईल. "यूटीसी उणे पाच" अशी आकड्याने बांधलेली मात्र चुकीच्या वेळी वाजत राहील.

कायदे बदलले नाहीत तर २०२७ सालची फट १४ मार्चपासून २८ मार्चपर्यंत, म्हणजे दोनच आठवड्यांची असेल, आणि दुसरी ३१ ऑक्टोबरपासून ७ नोव्हेंबरपर्यंत. मंगळवारी मीटिंग असणाऱ्यांनी १६ मार्च, २३ मार्च आणि २ नोव्हेंबर या तीन तारखा आताच उघडून बघाव्यात.